आठवड्याची नाडी ८० वरून ५८ वर आली आहे. यात आनंद मानायचा की नाही?

निशिगंध

वय ४१, पुणे. जानेवारीच्या पहिल्या सोमवारपासून वजन कमी करायला घेतलं. तेव्हा ७८.४ किलो होते, आज बारा आठवड्यांनी ७०.१ आहे. सुरुवातीला रोज ४० मिनिटं चालत होते, आता सव्वा तास चालते. दर रविवारी पर्वती चढते.

वजनाच्या वहीतच पहिल्या दिवसापासून सकाळची नाडीही लिहीत आले. जाग आल्यावर बाथरूमला जाऊन येते, परत पाच मिनिटं आडवी पडते आणि मनगटावर बोटं ठेवून मोजते. चहा त्यानंतर. सात दिवसांचे सात आकडे झाले की लहानापासून मोठ्यापर्यंत लावते आणि मधला, म्हणजे चौथा, त्या आठवड्याचा म्हणून धरते. एखाद्या रात्री झोप झाली नाही आणि सकाळी ८८ भरली, तरी आठवडा बिघडत नाही.

बारा आठवड्यांचे आकडे ओळीने:
८०, ७८, ७७, ७५, ७५, ७३, ७३, ७२, ६८, ६४, ६१, ५८.

नाडी खाली येणं चांगलं असतं, एवढं वाचून माहीत आहे. पण शेवटचे चार आकडे बघून मन खात आहे. कोणी असं नोंदलं आहे का?

पळता_पाय

अभिनंदन ताई! हे फिटनेस वाढल्याचंच लक्षण आहे. हृदय तगडं झालं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. मी सहा वर्षं पळतो आहे, दोन फुल मॅरेथॉन झाल्या. माझी सकाळची ४८ असते. सायकलपटू मिगेल इंदुराईनची २८ होती असं सांगतात. जितकी कमी तितकी बरी. चालू ठेवा.

चकली

माझं घड्याळ रेस्टिंग ६६ दाखवतं आणि बोटांनी मोजली की ७३ येते. यातलं खरं कुठलं? ताई, तुम्हीही मधेच घड्याळ घेतलंत का? तसं असेल तर घसरण त्यामुळेही दिसेल.

निशिगंध

नाही, पहिल्यापासून बोटंच. घड्याळ नाही माझ्याकडे.

माजी_मास्तरीण

चकली, दोन्ही खरे आहेत, ते दोन वेगळ्या वेळांचे आकडे आहेत. काही घड्याळं झोपेतला सगळ्यात शांत काळ धरतात, काही दिवसा स्वस्थ बसलेला. प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा. त्यामुळे घड्याळाची तुलना त्याच घड्याळाशी करा आणि बोटांची बोटांशी. मधेच घड्याळ बदललं तर नवी ओळ सुरू करायची, जुन्या आकड्यांना जोडायची नाही.

निशिगंध, मोजायची पद्धत उत्तम आहे. दोन गोष्टी विचारते. मिनिटभर मोजता की १५ सेकंद मोजून चारने गुणता? आणि नवव्या आठवड्यात काय बदललं?

मी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमच्या ओळीत मला दोन वेगळ्या रेषा दिसतात. पहिल्या आठ आठवड्यांत ८० ची ७२ झाली, म्हणजे आठ ठोके. पुढच्या चारच आठवड्यांत ७२ ची ५८, म्हणजे १४. चालण्याने नाडी उतरते, पण अशी उतरत नाही. व्यायामाने रक्तातलं पाणी वाढतं, ठोक्यागणिक बाहेर पडणारं रक्त वाढतं, हृदयाचा वेग आवरणारी नस जास्त काम करू लागते. हे सगळं सावकाश होतं आणि पुढे पुढे त्याचा वेग मंदावत जातो. अमेरिकेत हेरिटेज नावाचा मोठा अभ्यास झाला होता. घरी बसणाऱ्या माणसांना वीस आठवडे सायकलवर व्यायाम दिला, तर नाडी सरासरी तीनेक ठोक्यांनीच उतरली. काहींची बरीच जास्त उतरते, हे मान्य. पण आठ आठवडे हळूहळू उतरून नवव्यापासून वेग दुप्पट-तिप्पट झाला, तर मी आधी ताटाकडे बघते, मग पायांकडे.

निशिगंध

बाई, पूर्ण मिनिट मोजते.

नवव्या आठवड्यात वजन अडकलं होतं, म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. आता दिवस असा असतो: सकाळी दोन अंड्यांचं पांढरं, दुपारी एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर वरण, ताक. पाचला एक सफरचंद. रात्री दुधीचं सूप. चहा दोनदा, बिनसाखरेचा. आणि चालणं तेव्हाच सव्वा तासावर नेलं.

बापू६८

माझाही पल्स ५२ येतो. बीपीची गोळी दोन वर्षं चालू आहे, मेटोप्रोलॉल. मीही सहा किलो कमी केले. वरच्या चर्चेवरून मला जेवण वाढवायला हवं असं दिसतं. की गोळी बंद करू?

माजी_मास्तरीण

बापू, तुमची गोष्ट वेगळी आहे आणि गोळी अजिबात स्वतःहून बंद करू नका. ही गोळी ठोके कमी करते, ते तिचं कामच आहे. ती एकाएकी थांबवली तर नाडी आणि बीपी उसळून येतात, छातीत दुखूही शकतं. ५२ हा आकडा तुमचा आणि गोळीचा मिळून आहे, त्यावरून व्यायामाचं किंवा जेवणाचं काही ठरवता येणार नाही.

मात्र सहा किलो उतरल्यावर पूर्वीचाच डोस आता जास्त होत असेल, असं घडतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? आठ दिवस बीपी आणि पल्स दोन्ही लिहा आणि तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांना भेटा.

निशिगंध, तुमच्या जेवणाचा अंदाज मांडला. सगळं मिळून ६५०-७०० कॅलरीच्या आत आहे. एवढ्यावर सव्वा तास चालणं म्हणजे शरीराला उपासमार वाटणारच. आता हे सांगा: थंडी वाजते का? केस? पाळी? उठताना चक्कर?

निशिगंध

तुम्ही विचारलंत म्हणून एकत्र लिहिते, नाहीतर या गोष्टी मी एकमेकींना जोडल्याच नव्हत्या. मार्च संपत आला, बाहेर ऊन तापलंय आणि मी ऑफिसच्या एसीत स्वेटर घालून बसते. पूर्वी मला एसी लागायचाच. विंचरताना केसांचा पुंजका येतो. पाळी ११ दिवस पुढे गेली आहे, वयामुळे असेल असं समजले. आणि हो, खाली बसून उठलं की क्षणभर काळोखी येते.

पळता_पाय

बाई, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून विचारतो. माझीही नाडी कमीच आहे आणि मला यातलं काही होत नाही. मग नाडी कमी असण्यात दोष कसा? व्यायाम आहे, वजन उतरतंय, नाडी उतरतेय. जेवणाचा आणि ठोक्यांचा इतका थेट संबंध असतो का?

माजी_मास्तरीण

असतो, आणि तो माणसांवर मोजलेला आहे. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात हत्यार उचलायला नकार दिलेली ही मुलं स्वेच्छेने आली होती. दिवसाला साधारण १६०० कॅलरी आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. सुरुवातीला त्यांची नाडी सरासरी ५५ होती, सहा महिन्यांनी ती ३५ वर आली. चालत तर रोज होती. म्हणून काय त्यांचं हृदय तगडं झालं होतं? उलट, ट्रेडमिलवर पूर्वी सहज पळणारी मुलं थोड्याच वेळात गळून जायची. उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजायची, चक्कर यायची, केस गळायचे. तुमची यादी परत वाचा.

आत येणारं कमी झालं की शरीर खर्च आवरतं. थायरॉइडच्या कामाच्या संप्रेरकाचं प्रमाण उतरतं, उष्णता कमी बनते, शरीराला जाग ठेवणाऱ्या नसांचा जोर कमी होतो. हृदयाचे ठोके हा त्या खर्चातलाच एक भाग. म्हणजे पळता_पाय यांची ४८ आणि अर्धपोटी माणसाची ४८ हे आकडे सारखे, पण त्यामागचं कारण उलटं.

मग ओळखायचं कसं, तर नुसत्या सकाळच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. त्याच्या जोडीला एक ठरलेलं काम लागतं, दर आठवड्याला तेच. निशिगंध, तुम्ही पर्वती चढता ना? वेळ किंवा वरची नाडी लिहिली आहे का?

निशिगंध

सगळे रविवार नाहीत, तीन आहेत. वर पोचल्या पोचल्या १५ सेकंद मोजून चारपट केली, मग एक मिनिट उभी राहून परत मोजली.

तिसरा आठवडा: ४ मिनिटं ४० सेकंद. वर १४४, मिनिटाने १२०.
आठवा: ४ मिनिटं १५ सेकंद. वर १३६, मिनिटाने १०४.
बारावा: ५ मिनिटं ३० सेकंद, दोनदा थांबले. वर १३२, मिनिटाने ११२.

पळता_पाय

बघा, वरची नाडी १४४ वरून १३६ आणि आता १३२! सुधारणाच आहे की.

माजी_मास्तरीण

तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सुधारणा आहे, शंकाच नाही. त्याच १०३ पायऱ्या २५ सेकंद लवकर, तरी वरची नाडी कमी, आणि मिनिटभरात २४ ऐवजी ३२ ठोके खाली. व्यायामाने नाडी उतरते तेव्हा असं दिसतं. सकाळचा आकडाही खाली आणि चढणही सोपी.

बाराव्यात मात्र १३२ बघून फसू नका, वेळ बघा. सव्वा मिनिट जास्त लागला आणि दोनदा थांबावं लागलं. इतकं सावकाश चढूनही १३२ लागले, आणि मिनिटात उतरले फक्त २०. उपाशी शरीरात चढतानाही नाडी नीट वर जात नाही, त्यामुळे नुसता वरचा आकडा भुलवतो. सकाळचा आकडा उतरतोय आणि तेच काम जड जातंय, हे दोन्ही एकत्र दिसलं की ते कमावलेलं नाही, ओढून आणलेलं आहे.

(१५ सेकंदांची मोजणी श्रमानंतर ठीक आहे, कारण नाडी भराभर उतरत असते, मिनिटभर मोजत बसलात तर सरासरीच हाती लागते. सकाळी मात्र पूर्ण मिनिटच. १५ सेकंदांत एका ठोक्याची चूक झाली तर गुणाकारात ती चार होते, आणि आपण इथे दोन-तीन ठोक्यांवरच बोलत असतो.)

पळता_पाय

वेळेकडे माझं लक्षच गेलं नाही. बरोबर आहे बाई. आठवून सांगतो, पहिल्या मॅरेथॉनच्या आधी मी भात-पोळी तोडली होती, तेव्हा नाडी ४४ झाली होती आणि माझा वेग पडला होता. तेव्हा ४४ चं मला कौतुक होतं.

ठाणेकरीण

माझं उलट झालंय. वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन सेमाग्लुटाइड चालू आहे, पाच महिन्यांत ९ किलो उतरले. नाडी मात्र ७४ ची ७८ झाली. वजन कमी झालं की नाडी उतरायला हवी ना? माझं काही चुकतंय का?

माजी_मास्तरीण

चुकत नाही. या औषधाने नाडी सरासरी एक ते चार ठोके वाढते, ते औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. वजनाचा परिणाम एकीकडे, औषधाचा दुसरीकडे. बसल्या बसल्या धडधड व्हायला लागली किंवा आकडा वाढतच राहिला तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आणि जेवण फार सुटलं असेल तर पाणी कमी पडूनही नाडी चढते, तेवढं बघा.

चकली

मग नाडी किती खाली गेली की घाबरायचं? ६० च्या खाली म्हणजे आजार असं ऐकलंय.

माजी_मास्तरीण

६० ची रेघ पुस्तकात आहे, पण झोपेत आणि व्यायाम करणाऱ्यांत ५० च्या घरातले आकडे रोजचे आहेत. नुसत्या ५८ ला मी घाबरणार नाही. मुरलेला खेळाडू नसताना ५० च्या खाली गेली तर ईसीजी काढून घ्यावा. आणि आकडा कितीही असो, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टर, धाग्यावर विचारत बसायचं नाही.

आणखी एक. आमच्या नात्यातल्या एकांच्या बीपीच्या यंत्रावर पल्स ३८ दाखवायचा. घरचे घाबरले. बोटं ठेवली तर ठोका, मग लांब खंड, परत ठोका. ईसीजीवर हृदय ७६ ने चालत होतं, पण दर दुसरा ठोका वेळेआधी पडत होता आणि इतका कमजोर होता की मनगटापर्यंत पोचतच नव्हता. यंत्राला निम्मेच दिसले. म्हणून नाडी अचानक निम्म्यावर आली किंवा मोजताना लय तुटली, तर ती घसरण समजायची नाही, ईसीजी काढायचा. निशिगंध, तुमची लय एकसारखी आहे ना?

निशिगंध

एकसारखी आहे. उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुम्ही म्हणता तसं काय काय सांगू त्यांना?

माजी_मास्तरीण

वही न्या, तीच पुरेशी आहे. बारा आकडे, पर्वतीच्या तीन नोंदी, जेवण, पाळीची तारीख. पाळी पुढे गेली आहे तर गर्भधारणेची तपासणी आधी करून टाका, मग बाकीचं. टीएसएच, हिमोग्लोबिन, सोडियम-पोटॅशियम आणि ईसीजी ते सांगतीलच. थायरॉइड खरंच मंद असेल तरी हेच चित्र दिसतं, त्यामुळे सगळं जेवणावर ढकलून मोकळं होणं बरोबर नाही. मी आकड्यांवरून अंदाज केला आहे, तुम्हाला तपासलेलं नाही.

निशिगंध (चार दिवसांनी)

जाऊन आले. गर्भधारणा नाही. ईसीजीत लय नीट, दर ५७. टीएसएच नॉर्मल, पोटॅशियम नॉर्मल, हिमोग्लोबिन ११.६. डॉक्टरांनी जेवण ऐकलं आणि वही बाजूला ठेवून म्हणाले, आधी रात्रीचं जेवण सुरू करा. रोज १४०० च्या आसपास खायला सांगितलंय, चालणं परत ४५ मिनिटं, आणि आठवड्यातून दोनदा हलकी वजनं उचलायची.

एक गोष्ट मी इथे सांगायची राहिली, तिथे विचारल्यावर आठवली. डिसेंबरात हिमोग्लोबिन ९.४ होतं. लोहाच्या गोळ्या चालणं सुरू केलं त्याच आठवड्यात सुरू केल्या होत्या.

माजी_मास्तरीण

हे फार महत्त्वाचं आहे, आणि यामुळे मला माझंच वाक्य मागे घ्यावं लागतं. पहिल्या आठ आठवड्यांतली घसरण मी चालण्याच्या खात्यावर टाकली होती. रक्त कमी असलं की ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त वेळा धडकावं लागतं. ९.४ वरून वर येताना नाडी आपोआप उतरते आणि पर्वतीही सोपी होते. म्हणजे माझी पायऱ्यांची परीक्षा तिथे लोह आणि व्यायाम यांत फरक करू शकत नाही. शेवटच्या चार आठवड्यांबद्दलचं मत मात्र कायम आहे. तेव्हा रक्त कमी झालेलं नव्हतं आणि चढण जड झाली होती.

चकली

मग लोह दोन महिने थांबवून बघितलं तर कळेल ना कशाने किती उतरली?

माजी_मास्तरीण

नको गं. ११.६ अजून १२ च्या खालीच आहे, आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. एका आकड्याच्या उत्सुकतेपायी ते तोडायचं नाही.

निशिगंध (पाच आठवड्यांनी)

तेराव्यापासूनचे आकडे: ५८, ६०, ६३, ६५, ६५.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन ७०.१ चं ७१.३ झालं तेव्हा रडायला आलं होतं, खोटं कशाला सांगू. आता ७०.४ आहे. पाळी आली. स्वेटर कपाटात गेला. केस अजून गळतात, डॉक्टर म्हणाले त्याला काही महिने लागतील. परवाच्या रविवारी पर्वती ४ मिनिटं १० सेकंद, न थांबता. वर १३२, मिनिटाने १००.

म्हणजे बाराव्या आठवड्यातली आणि आताची वरची नाडी तीच, १३२. वेळ मात्र एक मिनिट २० सेकंद कमी.

पळता_पाय

हे दोन १३२ शेजारी शेजारी लिहून मी आमच्या पळणाऱ्या ग्रुपवर दाखवणार आहे, तुमचं नाव न सांगता. तिथे सगळे सकाळच्या आकड्याचीच स्पर्धा लावतात, मीसुद्धा त्यात होतो. ताई, ६५ वर ती थांबेल की परत ५८ पर्यंत जाईल, काय वाटतं?

माजी_मास्तरीण

हे मला सांगता येणार नाही. लोह अजून भरतंय, त्यात वजनं उचलणं नवीन आहे, आणि मे महिन्याच्या उकाड्यात पाणी कमी पडलं की दोन-तीन ठोके वरही दिसतील. सहा महिन्यांनी ती ६० झाली आणि पर्वती तेव्हाही चारच मिनिटांत होत असेल, तर ती ६० मला चालेल.

बापू६८

मी कागद घेऊन गेलो होतो. अंधारी यायची हे डॉक्टरांना तेव्हाच सांगितलं, त्याआधी कधी सांगितलंच नव्हतं. उभं करून बीपी घेतलं तर १०४ निघालं. गोळी टप्प्याटप्प्याने निम्मी केली, आता पल्स ५९ आहे. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. पर्वती मला झेपायची नाही, पण आमच्या सोसायटीचा जिना तीन मजल्यांचा आहे. दर रविवारी त्याची वेळ लिहायला कालपासून सुरुवात केली, ५८ सेकंद.